रेपो दराला हात न लावता कर्जाचा पूर कसा अडवतात?

१६ नोव्हेंबर २०२३, गुरुवार. दिवाळी नुकतीच संपली होती. संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढलं. त्यात व्याजदराचा उल्लेखही नव्हता. रेपो दर त्या फेब्रुवारीपासून ६.५० टक्क्यांवर होता आणि तिथेच राहिला. तरीही दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच बँका आणि वित्त कंपन्यांचे शेअर पडले. परिपत्रकाचा मजकूर रुक्ष होता: बिनतारण ग्राहक कर्जांचा जोखीम भार १०० वरून १२५ टक्के, बँकांच्या क्रेडिट कार्डांच्या थकबाकीचा १२५ वरून १५०, आणि बँका ज्या बिगर-बँक वित्त कंपन्यांना (म्हणजे एनबीएफसींना) कर्ज देतात, त्या कर्जांवर २५ टक्के अंकांची भर.

घरकर्ज, शिक्षण कर्ज, वाहन कर्ज आणि सोनेतारण कर्ज यातून वगळलं होतं. ही यादी लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

कर्जाचा पूर आला, लोक भराभर उधारीवर खरेदी करू लागले किंवा घरांच्या किमती उत्पन्नाशी नातं तोडून वर जाऊ लागल्या, तर मध्यवर्ती बँकेकडे ढोबळमानाने दोन रस्ते असतात. एक आपल्या ओळखीचा: व्याजदर वाढवायचा. दुसरा म्हणजे कर्ज देणाऱ्यांवर आणि घेणाऱ्यांवर नेमके निर्बंध घालायचे. या दुसऱ्या जातीच्या उपायांना ‘मॅक्रोप्रुडेन्शियल’ असं जडजंबाल नाव आहे. एखादी बँक सुरक्षित आहे का, एवढंच न बघता सगळ्या बँका मिळून एकाच दिशेने धावत सुटल्या आहेत का, हे बघून घातलेला लगाम, असा त्याचा अर्थ. नोव्हेंबर २०२३चं परिपत्रक हा त्याचा आपल्याकडचा अलीकडचा आणि स्वच्छ नमुना आहे. स्वच्छ अशासाठी की तेव्हा रेपो दर हलला नाही, त्यामुळे परिणाम कशाचा, हे ओळखायला थोडी तरी जागा आहे.

आधी जोखीम भार म्हणजे काय ते पाहू, कारण सगळी मेख तिथेच आहे. बँक तुम्हाला १०० रुपये कर्ज देते तेव्हा ते सगळे ठेवीदारांचे पैसे नसतात. काही हिस्सा भागधारकांच्या भांडवलातून यावा लागतो. कर्ज बुडालं तर आधी भागधारकांचं बुडावं, ठेवीदाराचं नाही, हा त्यामागचा हिशोब. भारतात राखीव थर धरून हे प्रमाण ११.५० टक्के आहे. पण ते कर्जाच्या रकमेवर नाही, तर जोखीम भाराने गुणलेल्या रकमेवर मोजतात. भार १०० टक्के असेल तर १०० रुपयांच्या कर्जामागे ११ रुपये ५० पैसे भांडवल लागतं. भार १२५ झाला की तेच १४ रुपये ३८ पैसे होतं.

समजा, एका बँकेने पर्सनल लोनसाठी हजार कोटींचं भांडवल बाजूला काढलंय. जुन्या नियमाने त्यावर सुमारे ८,७०० कोटींची कर्जं देता येत होती. नव्या नियमाने साधारण ६,९६० कोटींची. परिपत्रकाच्या एका ओळीने १,७०० कोटींहून जास्त कर्ज देण्याची क्षमता गेली.

आता हाच हिशोब व्याजाच्या अंगाने करू, म्हणजे एक गंमत दिसेल. जादा लागलेलं भांडवल १०० रुपयांमागे २ रुपये ८८ पैसे. भागधारकांना त्यावर १५ टक्के परतावा हवा असेल आणि ठेवीचा खर्च ६ टक्के असेल, तर फरक ९ टक्क्यांचा. २.८८ चे ९ टक्के म्हणजे २६ पैसे. म्हणजे बँकेने सगळा बोजा ग्राहकावर ढकलला तरी १३ टक्क्यांचं पर्सनल लोन १३.२६ टक्क्यांवर जाईल. गोव्याच्या सहलीसाठी मोबाइलवर दोन मिनिटांत कर्ज घेणारा माणूस २६ पैशांसाठी बेत रद्द करत नाही. शिवाय बहुतेक मोठ्या बँकांकडे तेव्हा किमान मर्यादेपेक्षा बरंच जास्त भांडवल होतं, सगळ्या बँका मिळून सोळा टक्क्यांच्या पुढे. मग शेअर का पडले? आणि कर्जं खरोखर का मंदावली?

उत्तर परिपत्रकाच्या तिसऱ्या भागात आहे, एनबीएफसींच्या. या कंपन्या ठेवी फारशा घेत नाहीत. बँकांकडून घाऊक कर्ज घेतात आणि पुढे किरकोळीने वाटतात. उत्तम पत असलेल्या, म्हणजे ‘एएए’ मानांकनाच्या कंपनीला दिलेल्या कर्जाचा जोखीम भार होता अवघा २० टक्के. तो झाला ४५. म्हणजे १०० रुपयांमागे भांडवल २ रुपये ३० पैशांवरून ५ रुपये १८ पैशांवर गेलं, दुपटीहून जास्त. जादा बोजा इथेही तोच २६ पैशांचा. पण हे कर्ज १३ टक्क्यांचं नाही, आठेक टक्क्यांचं. त्यात बँकेला सुटणारा नफा आधीच टीचभर. त्या टीचभर नफ्यातून २६ पैसे गेले की शाखाधिकारी म्हणतो, यापेक्षा सरकारी रोखे बरे. किरकोळ कर्जात जो बोजा जाणवलाही नसता, तो घाऊक कर्जात नेमका वर्मी लागला. शिवाय एनबीएफसींच्या स्वतःच्या ग्राहक कर्जांवरही १२५ टक्के भार आला, आणि त्यांची किमान भांडवल अट १५ टक्के आहे. एकाच धंद्याला वरून आणि खालून, दोन्हीकडून चिमटा.

आणखी एक गोष्ट कागदावर दिसत नाही. ऑक्टोबर २०२३च्या पतधोरणात तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी बँकांना ग्राहक कर्जाच्या वाढीकडे लक्ष द्या, असं जाहीरपणे सांगितलं होतं. पुढच्याच महिन्यात परिपत्रक आलं. बँकेच्या कर्ज विभागात बसलेल्याला त्यातून एवढंच कळतं: तपासणीला येणारे आता हीच फाइल आधी उघडणार. हा धाक २६ पैशांपेक्षा महाग असतो.

परिणाम वर्षभरात दिसला. क्रेडिट कार्डांच्या थकबाकीची वाढ २०२३ अखेर वर्षाला तीस टक्क्यांच्या वर होती, ती डिसेंबर २०२४ पर्यंत जवळपास निम्म्यावर आली. बँकांनी एनबीएफसींना दिलेल्या कर्जाची वाढ तर त्याहूनही जास्त गळाली.

आता हेच काम रेपो दर वाढवून केलं असतं तर? शेजारी शेजारी ठेवून बघू. समजा, दर अर्धा टक्का वाढवला. ज्याचं ३० लाखांचं, वीस वर्षांचं घरकर्ज साडेआठ टक्क्यांनी चालू आहे, त्याचा हप्ता २६,०३५ वरून २६,९९२ होतो. साडेनऊशे रुपये महिन्याला, आणि तेही तीन वर्षांपूर्वी घर घेऊन मुकाट्याने हप्ते भरणाऱ्याला. कारण ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची तरत्या व्याजाची नवी किरकोळ कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधली आहेत. (हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात तेव्हा तर हा मार कळतही नाही. वर्षं वाढलेली दिसतात ती खात्याचा उतारा काढल्यावर.) याउलट पाच लाखांचं, तीन वर्षांचं पर्सनल लोन १३ ऐवजी साडेतेरा टक्क्यांनी घेतलं, तर हप्ता १६,८४७ वरून १६,९६८ होतो. १२१ रुपये. तेही फक्त नवं घेणाऱ्याला, कारण पर्सनल लोनचा दर बहुतेक वेळा ठरलेला असतो. आणि क्रेडिट कार्डावर वर्षाला ३६ ते ४२ टक्के मोजणाऱ्याला अर्धा टक्का म्हणजे दर्यामें खसखस.

थोडक्यात, ज्याने काही केलं नाही त्याला जास्त दंड, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्याला चिल्लर. शिवाय इचलकरंजीत यंत्रमागासाठी कर्ज घेणारा लघुउद्योजक, कोठार बांधणारा व्यापारी, हे सगळे त्याच दरात भरडले जातात. २०२३च्या अखेरीस महागाई उतरणीला लागली होती, जुलैतल्या ७.४४ टक्क्यांवरून ऑक्टोबरात ४.८७. अशा वेळी सबंध अर्थव्यवस्थेचा दर वाढवणं कुणाच्याच फायद्याचं नव्हतं.

दराचा हातोडा असा चालवला तर काय होतं, याचा धडा स्वीडनने स्वतःच्या अंगावर घेतलाय. २०१० साली तिथे घरांच्या किमती आणि कुटुंबांवरचं कर्ज दोन्ही वाढत होतं. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने जुलै २०१० ते जुलै २०११ या वर्षभरात व्याजदर पाव टक्क्यावरून दोन टक्क्यांवर नेला. बेकारी आठ टक्क्यांच्या आसपास असताना. त्या बँकेचे एक डेप्युटी गव्हर्नर लार्स स्वेन्सन बैठकांमागून बैठकांत विरोधी मत नोंदवत राहिले आणि २०१३ मध्ये बाहेर पडले. त्यांचा मुद्दा ऐकण्यासारखा आहे. कर्ज फेडायचं असतं ठरलेल्या रकमेत. दर वाढवून महागाई अपेक्षेपेक्षा खाली दाबली की पगारही त्या गतीने वाढत नाहीत, आणि मग तेच कर्ज उत्पन्नाच्या मानाने जड होत जातं. म्हणजे कर्जाचं ओझं उतरवायला दर वाढवावा आणि त्यानेच ओझं वाढावं. स्वीडनमध्ये महागाई शून्याच्या जवळ गेली, कुटुंबांचं कर्ज काही लक्षणीय उतरलं नाही, आणि बँकेला गाडी उलटी फिरवावी लागली. ऑक्टोबर २०१४ मध्ये दर शून्य, फेब्रुवारी २०१५ मध्ये शून्याच्याही खाली.

त्यानंतर स्वीडनने नेमकी अवजारं हातात घेतली. घराच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त कर्ज नाही, ही अट २०१० पासून होतीच. जून २०१६ पासून नियम आला की ७० टक्क्यांहून जास्त कर्ज असेल तर दरवर्षी मुद्दलाचे किमान दोन टक्के फेडायचेच. आपल्याला हे वाचून आश्चर्य वाटेल, कारण आपल्या हप्त्यात मुद्दल असतंच. तिथे मात्र वर्षानुवर्षं फक्त व्याज भरत राहण्याची पद्धत रूढ होती.

घराच्या किमतींचा फुगा आणि कर्जाची मर्यादा यांचं नातं आपल्याकडच्या आकड्यांतही छान दिसतं. आपल्याकडे ३० लाखांपर्यंतच्या घरकर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के अशी कमाल मर्यादा आहे. ठाण्यात ८० लाखांचा फ्लॅट घेणाऱ्याला ६४ लाख कर्ज मिळेल, १६ लाख स्वतःचे घालावे लागतील. किमती वाढून तोच फ्लॅट एक कोटीला गेला की कर्ज ७५ लाख, स्वतःचे २५ लाख. किंमत वाढली २५ टक्के, पण खिशातून घालायची रक्कम वाढली ५६ टक्के. स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणीचा खर्च वेगळाच. एवढ्या किमतीच्या घरात तो कर्जाच्या हिशोबात धरत नाहीत. किमती चढतात म्हणून कर्ज वाढतं आणि कर्ज वाढतं म्हणून किमती चढतात, हे चक्र असं आपोआप अडखळतं. व्याजदराला यातलं काहीच करावं लागत नाही.

पण मग ते वाढलेले नऊ लाख माणूस आणतो कुठून? काही वडिलांच्या मुदत ठेवीतून, काही पत्नीच्या दागिन्यांतून, आणि राहिलेले पर्सनल लोनमधून. म्हणजे एका दाराला कडी घातली की तोच माणूस दुसऱ्या दाराने आत. घरकर्जाच्या फाइलमध्ये सगळं नियमात दिसतं. रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर २०२४च्या वित्तीय स्थैर्य अहवालात नोंद होती की क्रेडिट कार्ड किंवा पर्सनल लोन घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचं दुसरं एखादं किरकोळ कर्ज चालू होतं, आणि ते बरेचदा घराचं किंवा गाडीचं. इथला धोका बारीक आहे. एकाच बँकेतलं एक खातं थकलं की त्या ग्राहकाची त्या बँकेतली सगळी खाती थकीत धरतात. पन्नास हजारांचं कार्ड चुकलं म्हणून चाळीस लाखांचं, वेळेवर भरलं जाणारं घरकर्जही बुडिताच्या यादीत जाऊ शकतं. म्हणून छोटी कर्जं छोटी आहेत, असं म्हणून सोडून देता येत नाहीत.

या गळतीमुळेच व्याजदराच्या बाजूने बोलणारे लोक आहेत, आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे तेव्हाचे सदस्य जेरेमी स्टाइन यांनी फेब्रुवारी २०१३ च्या एका भाषणात हे मांडलं होतं: नियम एका ठिकाणी लागू होतात, व्याजदर मात्र प्रत्येक फटीत शिरतो. बँकेला नियम घातला तर धंदा एनबीएफसीकडे जातो, तिला घातला तर ॲपवाल्याकडे, तिथून खासगी सावकाराकडे. पैशाची किंमत मात्र सावकारालाही चुकत नाही. माझं मत विचाराल तर, त्रास एका कोपऱ्यात असेल तर नेमकं अवजारच वापरावं. पण पैसा सगळीकडेच स्वस्त असेल आणि शेअर, जमीन, सोनं, फ्लॅट सगळंच एकदम चढत असेल, तर कोपरे बंद करत हिंडण्यात अर्थ नाही. तेव्हा दरच हवा.

वाय. व्ही. रेड्डी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असताना, डिसेंबर २००४ पासून, दोन्ही अवजारं एकदम वापरली गेली. घरकर्जाचा जोखीम भार ५० वरून ७५, व्यापारी बांधकामाच्या कर्जाचा पुढे टप्प्याटप्प्याने १५० पर्यंत, आणि सोबत रेपो दर व रोख राखीव प्रमाणही वाढत गेलं. २००८चं वादळ आलं तेव्हा आपल्या बँका तगल्या, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये यातले काही भार सैल करून बँकांना मोकळीकही देता आली. फक्त त्यात कुठल्या औषधाने किती गुण आला, हे सांगणं कठीण आहे, कारण काढे दोन एकदम दिले होते.

२०२५ मध्ये मात्र दोन्ही अवजारं वेगवेगळ्या दिशांना चालली, आणि ते मला या गोष्टीतलं सगळ्यात बोलकं वाटतं. ७ फेब्रुवारीला रेपो दर सव्वासहावर आला. त्याच महिन्यात, २५ तारखेला, एनबीएफसींना दिलेल्या बँक कर्जांवरचा २५ अंकांचा जादा भार मागे घेतला गेला, १ एप्रिलपासून लागू. पुढे दर उतरत डिसेंबरपर्यंत सव्वापाचवर आला. पण बिनतारण ग्राहक कर्जांवरचे १२५ टक्के तसेच राहिले. सगळ्यांसाठी पैसा स्वस्त, आणि एका कोपऱ्यात लगाम कायम. एकच अवजार हातात असतं तर हे जमलं नसतं.

आता ती वगळलेल्यांची यादी. त्यात सोनेतारण होतं. बिनतारण कर्ज आखडलं आणि सोनेतारण कर्जं भराभर वाढू लागली. सगळा दोष परिपत्रकाचा नाही. काही बँकांनी शेतीखात्यातली सोनेकर्जं किरकोळीत दाखवायला सुरुवात केली, आणि सोन्याचा भावही चढत होता. पण इथे किमतीच्या ७५ टक्के ही मर्यादा फ्लॅटसारखी वागत नाही. २०२३च्या अखेरीस दहा ग्रॅमचा भाव साठ हजारांच्या आसपास होता, तेव्हा कपाटातल्या दहा तोळ्यांवर साडेचार लाख मिळत. २०२५ मध्ये भाव लाखावर गेला, त्याच दागिन्यांवर साडेसात लाख. फ्लॅट घेणाऱ्याला भाव चढला की जास्त पैसे घालावे लागतात. सोनं आधीच घरात असणाऱ्याला भाव चढला की जास्त पैसे मिळतात. मर्यादा तीच, कागदावर एकही नियम मोडलेला नाही, आणि कर्ज तीन लाखांनी वाढलेलं.

भाव पडला की काय, हा प्रश्न तिथे उभा राहतो. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सोनेतारणाचे नवे नियम आणले, १ एप्रिल २०२६ पर्यंत अमलात आणायचे. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला उलट सैल करून ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८०, त्यापुढे ७५. मात्र ज्यात मुद्दल आणि व्याज मुदतीअखेर एकदम फेडायचं असतं, त्या कर्जात मर्यादा आज हातात मिळणाऱ्या रकमेवर न मोजता शेवटी फेडायच्या एकूण रकमेवर मोजायची. एक लाखाच्या दागिन्यांवर वर्षाला १२ टक्क्यांनी, वर्षभराने एकदम फेडायच्या बोलीवर कर्ज घ्यायला गेलात, तर ८५ हजार नव्हे, ७५,९०० रुपयांच्या आसपास हातात पडतील.